चौदा मिनिटांचा अंधार

जुलैतला रविवार, संध्याकाळी सहाचा खेळ, घरातली आम्ही चौघं. मध्यंतर होऊन अर्धा तास झाला असेल, तेवढ्यात चित्र आणि आवाज दोन्ही एकदम गेले. बाहेर धो धो पाऊस होता, वीज गेली होती. दहा-बारा सेकंदांत जनरेटर सुरू झाला, दिवे लागले, एसी घरघरू लागला. सिनेमा मात्र सुरू झाला चौदा मिनिटांनी.

दिवे आले तर सिनेमा का नाही, हे सगळेच एकमेकांना विचारत होते. आता वरच्या खोलीत रीळ नसतं. सिनेमा सर्व्हरमध्ये उतरवलेला असतो आणि सर्व्हर म्हणजे शेवटी एक संगणकच. वीज क्षणभर गेली तरी तो बंद पडतो आणि पुन्हा सुरू व्हायला काही मिनिटं घेतो. शिवाय प्रोजेक्टर जुन्या पद्धतीचा, म्हणजे झेनॉन दिव्याचा असेल, तर तापलेला दिवा जरा निवू द्यावा लागतो. म्हणून दहा-पंधरा मिनिटं थांबावं लागलं तर मी तक्रार करणार नाही. चित्र गेलं पण आवाज चालूच राहिला, तर मात्र दोष बहुधा प्रोजेक्टरचा असतो. दिवाच गेला असेल तर तो बदलायला बराच वेळ लागतो. अशा वेळी ‘पाच मिनिटं’ या शब्दावर बसून न राहता सरळ पैसे परत मागावेत.

माझी तक्रार आहे ती पहिल्या सहा मिनिटांबद्दल. तेवढा वेळ आत कोणीच आलं नाही. मग टॉर्चवाला मुलगा आला, पण त्याला कोणी काही सांगितलंच नव्हतं. लोक त्याच्यावर ओरडले, तो बिचारा दारातच उभा राहिला. नंतर मॅनेजर स्वतः पडद्यासमोर आले. ‘सर्व्हर चालू होतोय, अजून आठ मिनिटं लागतील, ज्यांना थांबता येत नाही त्यांना पूर्ण पैसे देतो,’ असं त्यांनी स्पष्ट सांगितलं आणि हॉल शांत झाला. शेवटची एसटी गाठायची असलेलं एक कुटुंब उठलं, त्यांना खिडकीवर लगेच रोख पैसे मिळाले.

सिनेमा लागला तो मात्र पुढून. आजी दवाखान्यात होती, ती आता अंगणात बसलेली. मधला प्रसंग गेला होता. माझ्या पुढच्या रांगेतल्या काकू उठून म्हणाल्या, ‘अहो, मागे घ्या, दवाखान्यापासून दाखवा.’ ऑपरेटरला ते सहज जमतं, कारण किती मिनिटं झाली ते सर्व्हरवर दिसत असतं. मॅनेजरनी वर फोन केला, सिनेमा सहा मिनिटं मागे घेतला. इथे त्यांना पूर्ण गुण.

आता बाकीचं. आम्ही जी रांगेत, मधोमध होतो. खुर्च्यांच्या गाद्या चांगल्या, गुडघे पुढे टेकत नाहीत. पण पायऱ्यांची चढण कमी असल्याने पुढच्या उंच माणसाचं डोकं पडद्याच्या खालच्या कडेवर येतं. उपशीर्षकांचा सिनेमा असेल तर मागच्या तीन रांगाच घ्या. आवाजही तिथेच बरा लागतो. संवाद मुख्यतः पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतात. इथे गाणी छातीत धडधडत होती आणि कुजबुजीतले शब्द मात्र निसटत होते. म्हणजे मधला स्पीकर तपासायला हवा. सगळाच आवाज वाढवून ते दुरुस्त होणार नाही, उलट कानच दुखतील.

स्वच्छतेचं म्हणाल तर खेळ सुरू होताना जमीन पुसलेली होती, पण हातावरच्या पेल्याच्या खाचेत आधीच्या कोणाचं तरी कोल्ड्रिंक चिकट होऊन बसलेलं. दोन खेळांमधल्या पंधरा मिनिटांत खालचा कचरा उचलला जातो, खाचेत कोणी कापड फिरवत नाही. मध्यंतरात बायकांच्या स्वच्छतागृहात साबण नव्हता.

तिकीट दोनशे वीस, मधला पॉपकॉर्न तीनशे वीस. बाहेरचं खाणं आत न्यायला बंदी घालण्याचा हक्क सिनेमागृहांना आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं, त्यामुळे तिथे वाद घालण्यात अर्थ नाही. पण पिण्याचं पाणी फुकट द्यायलाच हवं आणि तान्ह्या बाळासाठी आईबापांना खाणं नेता येतं, हेही त्याच सुनावणीत स्पष्ट झालं. इथे पाण्याचा फिल्टर आहे, स्वच्छतागृहाच्या मागच्या बोळात. पाटी नाही, पेले नाहीत. काउंटरवर विचारलं तर आधी साठ रुपयांची बाटली पुढे केली जाते. पुन्हा विचारल्यावर बोट दाखवतात.

निघताना मी मॅनेजरना विचारलं, सर्व्हरला यूपीएस नाही का? त्यांनी काही लपवलं नाही. यूपीएस आहे, पण त्याच्या बॅटऱ्या उन्हाळ्यातच गेल्यात, नव्यांची मागणी मालकांकडे दोनदा पाठवलीय, असं ते म्हणाले. पावसाळ्याचे अजून दोन महिने बाकी होते.