आईसाठी सुगंध निवडताना

"तुला कोणता वास आवडतो?" असं आईला विचारलं, तर उत्तर ठरलेलं असतं: "मला कशाला? उगाच खर्च." वडील तर तेवढंही बोलत नाहीत. मग आपण दुकानात जातो, स्वतःला आवडलेली किंवा विक्रेत्याने पुढे केलेली बाटली घेतो आणि ती वर्षभर कपाटात तशीच भरलेली राहते. खरं तर आवड सांगता न येणाऱ्या माणसाचीही आवड घरभर पसरलेली असते. ती शोधायची सुरुवात दुकानात नाही, घरात करावी.

समजा, आई साठीची आहे. परफ्यूम तिने कधी लावलेला नाही. न्हाणीघरात वर्षानुवर्षं चंदनाचा साबण आहे. उन्हाळ्यात माठात ती वाळ्याची जुडी टाकते. दिवाळीचं उटणं आणलं की आधी नाकाशी धरते. गजरा मात्र केसांत माळून तासाभरात काढून ठेवते, आणि गाडीत टांगलेल्या सुगंधी डबीने तिचं डोकं दुखतं. एवढ्यावरून बरंच कळतं. तिला लाकडाचे, मुळांचे, मातीकडे झुकणारे वास जवळचे आहेत. गोड, दाट फुलांचे वास लवकर नकोसे होतात. म्हणजे मोगरा सगळ्यांनाच आवडतो असं गृहीत धरून मोगऱ्याचं अत्तर नेलं, तर ते चुकण्याची शक्यता जास्त. नावडत्या वासांची नोंद मला आवडत्यांपेक्षा जास्त भरवशाची वाटते, कारण ती माणसं भीड न ठेवता सांगतात.

जोडीदाराच्या बाबतीत आणखी एक खूण असते. कपाटातली कोणती बाटली संपत आली आहे आणि कोणती भेट मिळाल्यापासून हललेलीच नाही, ते पाहावं.

आता आईसाठी पर्याय उरले ते खस, चंदन आणि मातीचं अत्तर. उत्तर प्रदेशातल्या कन्नौजमध्ये ही अत्तरं आजही डेग-भपक्याने काढतात. तांब्याच्या डेगेत फुलं, मुळं किंवा भाजलेली माती पाण्यासह तापवतात आणि वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरवतात. पारंपरिक रीतीत तिथे चंदनाचं तेल असतं, ते हा वास धरून ठेवतं. अस्सल चंदनतेल फार महाग, त्यामुळे स्वस्त बाटलीवर 'शुद्ध चंदन' लिहिलेलं असलं तरी आत बहुधा कृत्रिम सुगंध असतो. तो वाईटच असतो असं नाही, पण अस्सलच्या भावाने घेऊ नये. खसबाबतही एक सांगायला हवं: सरबताच्या हिरव्या, गोड वासाशी अस्सल खसाची गल्लत होते. अस्सल खस ओल्या मुळांसारखा, गडद असतो. माठातला वाळा आवडणारीला तो ओळखीचा वाटेल.

दुकानात कागदी पट्टीवर वास घेऊन लगेच ठरवू नये. स्पिरिटमधल्या परफ्यूमचा पहिला झोत, बहुतेकदा लिंबूवर्गीय, पंधरा-वीस मिनिटांत उडून जातो. दिवसभर सोबत राहतो तो त्यानंतरचा वास. अत्तरात स्पिरिट नसल्याने ते सावकाश उलगडतं. म्हणून पट्टीवर नाव लिहून घरी न्यावी, दोन तासांनी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हुंगावी. एका वेळी तीन-चारपेक्षा जास्त वास घेतले की नाक थकतं आणि सगळंच सारखं वाटू लागतं.

पट्टीवर चांगला वाटलेला वास आईच्या त्वचेवर वेगळा वाटू शकतो; ते तिच्याशिवाय कळणार नाही. म्हणून मोठी बाटली न घेता दोन-तीन मिलीच्या तीन कुप्या द्याव्यात: खस, चंदन, माती. कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दिवसभर थांबायला सांगावं. खाज किंवा लाली आली, तर ती कुपी बाजूला ठेवावी. दमा किंवा अर्धशिशी असेल, तर आधी झाकण उघडून लांबूनच वास घेऊ द्यावा. त्रास झाला तर सुगंधाची भेट देऊच नये. अत्तर दाट असतं, एक थेंब पुरतो. पूर्वी कापसाचा फाया कानाच्या पाळीमागे ठेवत, ती रीत अजूनही सोयीची आहे. रेशमी साडीवर मात्र थेट लावू नये, तेलाचा डाग पडतो.

वय वाढलं की वास घेण्याची क्षमता कमी होते, हेही ध्यानात ठेवावं. आईला 'काहीच येत नाही' असं वाटून ती जास्त लावेल आणि शेजारी बसणाऱ्याला ते उग्र वाटेल. अशा वेळी फिकं काही आणण्यापेक्षा थेंब किती घ्यायचा ते एकदा दाखवावं.

कुप्या देऊन झाल्यावर 'आवडलं का?' असं रोज विचारू नये. तिने हो म्हटलं तरी ते भेट देणाऱ्यासाठी असेल. महिनाभराने कोणत्या कुपीतली पातळी उतरली ते पाहावं आणि त्याच वासाची मोठी बाटली वाढदिवसाला आणावी. ती न्हाणीघरात किंवा खिडकीत ठेवू नये. ऊन आणि दमटपणा यांनी वास बिघडतो, कपाटातल्या अंधारात तो बराच काळ टिकतो.