विचाराशी वाद न घालता

‘मी नालायक आहे’ हा विचार मनात घर करून बसला, की आरन बेक यांच्या पद्धतीचा थेरपिस्ट त्याची उलटतपासणी घेतो: पुरावा काय, विरुद्ध पुरावा काय? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन हेज यांची ‘अ‍ॅक्ट’ पद्धत हा खटला चालवतच नाही.

तिथे ‘नालायक’ हा एकच शब्द मोठ्याने, भरभर, सुमारे ३० सेकंद म्हणायला लावतात. हळूहळू अर्थ गळून पडतो, उरतो नुसता आवाज. विचार खोटा ठरत नाही, त्याची पकड सैल होते. आणि तो सोबत असतानाही माणूस नोकरीच्या मुलाखतीला जाऊ शकतो. हीच मानसिक लवचिकता.

मात्र विचार हाकलण्यासाठीच हा प्रयोग केला, तर तीही पळवाटच. ‘गेला का तो?’ असं माणूस सारखं चाचपत राहिला, की गाडी घसरली हे ओळखावं.