सोळा पानांचे तास किती?

‘सोळा पानांचं ब्रोशर आहे, किती घ्याल?’ असे फोनवर विचारले की घरून काम करणारा डिझायनर मनातल्या मनात हिशोब मांडतो. पानाला एक तास, इकडचे तिकडचे चार तास, म्हणजे वीस. तासाला ६०० रुपये धरले तर १२,००० होतात. तो आकडा सांगून मोकळा होतो आणि काम संपेपर्यंत पस्तावतो.

चूक दराची नसते, तासांची असते. कॅनडात १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रबंध कधी पूर्ण होईल असे विचारले होते. त्यांचा सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा होता, प्रत्यक्षात साधारण ५५ दिवस लागले. अंदाज बांधताना आपण काम सुरळीत पार पडेल असे धरूनच चालतो. मागच्या वेळी काय काय अडले होते, ते हिशोबात येत नाही.

त्यावर पहिला उपाय म्हणजे कामाचे तुकडे पाडणे. याच ब्रोशरचे पाहू. भेट आणि गरज समजून घेणे २ तास. आलेला मजकूर नीट लावणे ३. मुखपृष्ठ आणि आतल्या पानाचे नमुने ५. सोळा पानांची मांडणी १४. फोटो सुधारणे ३. दोन फेऱ्यांच्या दुरुस्त्या ५. छपाईची फाइल आणि प्रूफ ३. फोन, ईमेल, बिल ३. बेरीज ३८ तास. अजून अडचण एकही आलेली नाही, तरी आकडा वीसच्या जवळपास दुप्पट झाला, कारण मनातल्या हिशोबात फक्त मांडणीच होती.

आता यातल्या भरवशाच्या नसलेल्या बाबी वेगळ्या काढायच्या. मराठी मजकूर युनिकोडमध्ये आला तर ठीक. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आला तर रूपांतर करताना जोडाक्षरे तुटतात आणि ओळ न् ओळ तपासावी लागते. अशा बाबीसाठी तीन आकडे लिहावेत: सगळे सुरळीत झाले तर, नेहमीसारखे झाले तर आणि बिनसले तर. मधल्या आकड्याची चौपट करून त्यात उरलेले दोन मिळवायचे आणि सहाने भागायचे. प्रकल्प-नियोजनात ही रीत १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून वापरात आहे. मजकुराचे आकडे २, ३ आणि १० धरले तर उत्तर ४ येते. मांडणीचे १२, १४, २२ धरले तर १५. दुरुस्त्यांचे ३, ५, १३ धरले तर ६. तिन्हींत एकेक तास वाढून बेरीज ४१ होते.

बफर याच्या वर. ओळखीचे काम आणि ओळखीचा ग्राहक असेल तर १० ते १५ टक्के, काम ओळखीचे पण ग्राहक नवा असेल तर २० ते २५, आणि दोन्ही नवे असतील तर ४०पर्यंत, हा सुरुवातीपुरता ठोकताळा. इथे २० टक्के धरू. ४१ वर ८ तास, एकूण ४९. म्हणजे २९,४०० रुपये. हेच काम १२,००० ला घेतले असते तर तासाला जेमतेम २४५ रुपये पडले असते. बफर शेवटी एकदाच लावावा. प्रत्येक तुकड्यात थोडा आणि शेवटी पुन्हा, असे केले तर आकडा विनाकारण फुगतो.

पुढे ठोकताळ्याची जागा स्वतःच्या नोंदींनी घ्यावी. मागच्या पाच कामांचे अंदाजी तास मिळून १२० आणि प्रत्यक्षातले १५६ असतील, तर आपला बफर ३० टक्के. पण एका कामात ५ टक्के आणि दुसऱ्यात ८० टक्के फरक पडत असेल, तर सरासरीवर विसंबू नये. तुकड्यांच्या यादीतच काहीतरी सुटते आहे, असे समजावे.

बफर असतो कामातल्या अडचणींसाठी. ग्राहकाने वाढवलेल्या कामासाठी नाही. म्हणून कोटेशनमध्ये स्पष्ट लिहावे: सोळा पाने, मजकूर अंतिम आणि युनिकोडमध्ये, दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या, पुढे तासाप्रमाणे. ‘बफर’ अशी वेगळी ओळ मात्र घालू नये, घासाघीस पहिली तिच्यावरच होते. ते तास बाबींमध्ये वाटून टाकावेत.

तारीख देतानाही जपावे. ४९ तास म्हणजे सहा दिवस नव्हेत. फोन आणि नव्या कामांची शोधाशोध वगळता दिवसाला पाचेक तासच बिलात धरण्याजोगे उरतात, म्हणजे कामाचे दहा दिवस. ग्राहकाच्या उत्तराची वाट पाहण्यात जातील ते वेगळेच.

आणि ‘थोडं कमी करा ना’ असे आलेच, तर तास न कापता काम कापावे: बारा पाने करू, किंवा दुरुस्तीची एकच फेरी ठेवू. तुकड्यांची यादी समोर असली की कशाचे किती कमी होतील, हे तिथल्या तिथे सांगता येते.