खातं बंद, टोकन चालू

माणूस नोकरी सोडतो त्या दिवशी बहुतेक कंपन्यांत ठरलेला क्रम असतो. लॅपटॉप जमा होतो, ओळखपत्र परत घेतलं जातं, एचआरचा मेल आयटी विभागाकडे जातो आणि अ‍ॅडमिन पोर्टलवर त्याचं खातं निष्क्रिय करतो. त्यानंतर त्या नावाने लॉगिन करायला गेलं, की ‘आपले खाते निष्क्रिय आहे’ असा संदेश येतो. काम झालं, असं सगळेच समजतात. पण त्याच माणसाच्या खिशातल्या मोबाईलमध्ये पोर्टलचं अ‍ॅप आधीपासून उघडं असेल, तर तिथे डीलरचे दर, नव्या ऑर्डरी आणि ग्राहकांची थकबाकी तशीच दिसत राहू शकते.

याचं कारण असं, की पासवर्ड फक्त एकदाच, दारात विचारला जातो. लॉगिन झालं की सर्व्हर त्या माणसाला एक टोकन देतो आणि पुढे प्रत्येक क्लिकबरोबर ब्राउझर किंवा अ‍ॅप ते टोकन दाखवत राहतं. आज अनेक पोर्टलांवर जेडब्ल्यूटी या प्रकारचं टोकन वापरतात. त्याचं प्रमाणित स्वरूप मे २०१५मध्ये प्रसिद्ध झालं. ते टिंबांनी जोडलेल्या तीन तुकड्यांचं असतं आणि मधला तुकडा उलगडला की साधारण असा मजकूर वाचता येतो:

```
{
  "sub": "EMP-2047",
  "role": "sales",
  "iat": 1735880400,
  "exp": 1738472400
}
```

पहिल्या दोन ओळींत माणूस कोण आणि त्याला अधिकार कोणते, हे आहे. खालचे दोन मोठे आकडे म्हणजे १ जानेवारी १९७०पासून मोजलेले सेकंद. भारतीय वेळेत सांगायचं, तर हे टोकन ३ जानेवारी २०२५ला सकाळी साडेदहाला दिलं गेलं आणि २ फेब्रुवारीला सकाळी साडेदहाला संपणार आहे. तिसऱ्या तुकड्यात सर्व्हरची डिजिटल सही असते. त्यामुळे कोणी मधला आकडा बदलला, तर सही जुळत नाही आणि टोकन बाद होतं.

आता समजा, २०४७ क्रमांकाच्या या विक्री प्रतिनिधीचा नोकरीतला शेवटचा दिवस १० जानेवारी होता आणि संध्याकाळी सहाला त्याचं खातं बंद झालं. १४ तारखेला त्याने अ‍ॅप उघडलं. सर्व्हरने दोनच गोष्टी पाहिल्या: सही आपलीच आहे का, आणि मुदत संपली आहे का. सही खरी होती, मुदत शिल्लक होती. कर्मचाऱ्यांच्या यादीत त्याच्या नावापुढे काय लिहिलंय, हे पाहायला सर्व्हर गेलाच नाही. लोकलचा मासिक पास कंपनीने काढून दिलेला असला, तरी टीसी त्यावरची तारीख बघतो. प्रवासी अजून त्या कंपनीत आहे का, हे विचारत नाही. तसंच हे.

यात कोणाचा निष्काळजीपणा होता असंही नाही. टोकनची ही रचना मुद्दामच केलेली आहे. प्रत्येक क्लिकला डेटाबेसकडे धाव घ्यावी लागू नये, पोर्टल वेगाने चालावं, एकाच टोकनवर अनेक सर्व्हरांना काम करता यावं, हा तिचा हेतू. चूक होते ती मुदत ठरवताना. वापरणाऱ्यांना रोज लॉगिन करायचा कंटाळा येतो, तक्रारी येतात, मग कोणीतरी मुदत तीस दिवसांची करून टाकतो. त्या क्षणी कंपनीने खरं तर असा निर्णय घेतलेला असतो, की काढून टाकलेला माणूस जास्तीत जास्त तीस दिवस आत राहिला तरी चालेल. फक्त हे त्या भाषेत कोणी बोललेलं नसतं.

कंपनीचं मायक्रोसॉफ्ट किंवा गूगल खातं बंद केलं की सगळी दारं बंद झाली, हाही असाच एक गैरसमज. त्या खात्याने पोर्टलमध्ये शिरता येत असलं, तरी आत शिरल्यावर पोर्टल बहुधा स्वतःचं वेगळं टोकन देतं. मूळ खातं गेलं याचा त्या टोकनला पत्ताही नसतो. खुद्द मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थेत रोजच्या कामाचं टोकन साधारण तास-दीड तास चालतं. म्हणून आणीबाणीत खातं बंद करण्याबरोबरच चालू सत्रंही रद्द करावीत, अशी सूचना कंपनी स्वतःच देते.

जुनं टोकन विसरलं तर काय होतं, याचं ठळक उदाहरण क्लाउडफ्लेअरचं आहे. ऑक्टोबर २०२३मध्ये ओक्टा या कंपनीची ग्राहकसेवा प्रणाली फुटली आणि तिथून क्लाउडफ्लेअरची काही गुपितं बाहेर गेली. क्लाउडफ्लेअरने ती बदलायला घेतली. पण हजारोंपैकी एक टोकन आणि तीन खाती वापरात नाहीत असं समजून तशीच राहिली. नोव्हेंबरमध्ये घुसखोर त्यांच्याच आधारे कंपनीच्या अंतर्गत दस्तऐवजांपर्यंत पोचले. ते बाहेरचे लोक होते, माजी कर्मचारी नव्हते. पण दोष तोच: हातातलं टोकन कोणीच रद्द केलेलं नव्हतं.

उपायाचा सर्वांत रुळलेला मार्ग म्हणजे दोन टोकनं. रोजच्या कामाचं टोकन पंधरा मिनिटांचं ठेवायचं आणि ते संपलं की नवं मिळवून देणारं दुसरं, लांब मुदतीचं टोकन वेगळं द्यायचं. या दुसऱ्या टोकनची नोंद सर्व्हरवर राहते, त्यामुळे खातं बंद करताना तीही खोडता येते. यात एक खाच मात्र हमखास राहते. नवं टोकन देणारा कोड जुन्याची सही आणि मुदत तपासतो, पण माणूस अजून सक्रिय आहे का, हे विचारायचं विसरतो. मग दर पंधरा मिनिटांनी निष्क्रिय माणसाला सर्व्हर स्वतःच ताजं टोकन देत बसतो. ही तपासणी नेमकी याच जागी हवी.

पंधरा मिनिटंही परवडणार नसतील, तर, म्हणजे बँकेचे व्यवहार किंवा पगारपत्रकं असतील तिथे, प्रत्येक विनंतीला माणसाची स्थिती पाहावी लागते. पोर्टल त्याने किंचित मंदावतं. पण लहान आणि मध्यम कंपनीच्या पोर्टलला हा भार सहज पेलतो. उगाच वेगाच्या नावाखाली तो टाळला जातो.

आपल्या पोर्टलमध्ये हा दोष आहे का, हे बघण्यासाठी बंद खात्याने लॉगिन करून पाहणं निरुपयोगी आहे. दार बंद झालंय एवढंच त्यातून कळतं. खरी चाचणी अशी: एक खोटं खातं तयार करावं, त्याने लॉगिन करून ठेवावं, मग दुसऱ्या संगणकावरून ते निष्क्रिय करावं आणि पहिल्या संगणकावर नवी ऑर्डर किंवा अहवाल उघडावा. नुसतं पान दिसण्यावर विसंबू नये. ते ब्राउझरने साठवलेलं असू शकतं. टोकन हाताशी असेल, तर थेट सर्व्हरला विचारता येतं:

```
curl -i -H "Authorization: Bearer TOKEN" https://portal.example.com/api/orders
```

उत्तरात 401 आलं तर सर्व्हरने हाकललं. 200 आलं तर माणूस आतच आहे. पंधरा मिनिटांनी आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या संगणकावर पुन्हा नवी ऑर्डर किंवा अहवाल उघडून पाहावा, म्हणजे दुसऱ्या टोकनची खाचही उघडी पडते.

मागे काय घडून गेलं, हेही शोधता येतं. लॉगिनच्या नोंदींत काही सापडणार नाही, कारण त्या माणसाने पुन्हा लॉगिन केलेलंच नसतं. पाहायच्या त्या प्रत्यक्ष वापराच्या नोंदी. सोडून गेलेल्यांची यादी आणि खातं बंद केल्याची वेळ त्यांच्याशी ताडून बघावी. एखादी नोंद सापडली, तरी लगेच चोरीचा आरोप करू नये. मोबाईलमधलं अ‍ॅप पडद्याआडूनही माहिती ओढत असतं आणि मालकाला त्याची कल्पनाही नसते. मात्र कोणी जाणूनबुजून अहवाल उतरवले असतील, तर टोकन चालू होतं हा बचाव होत नाही. परवानगी नोकरीबरोबरच संपलेली असते. विनापरवाना प्रवेश आणि माहिती उतरवणं माहिती तंत्रज्ञान कायदा २०००च्या कलम ४३मध्ये येतं, आणि ते अप्रामाणिकपणे केलं असेल तर कलम ६६खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

दोष सापडला आणि कोड दुरुस्त व्हायला आठवडा लागणार असेल, तर तोवर सर्व्हरची सही करायची किल्ली बदलता येते. जुनी किल्ली काढून टाकली की तिच्यावर सही झालेली सगळी टोकनं त्याच क्षणी बाद होतात. गेलेल्यांची आणि कामावर असलेल्यांचीही. म्हणून हे रात्री करावं आणि सकाळी सगळ्यांना पुन्हा लॉगिन करावं लागेल, हे हेल्पडेस्कला आदल्या दिवशीच सांगून ठेवावं.