सोळा वर्षांचा निवेदक आणि पहिलं प्रकरण

जे. डी. सॅलिंजरची ‘द कॅचर इन द राय’ १९५१ साली आली, ती मोठ्यांची कादंबरी म्हणून. पुढे कुमारवयीन मुलांनी ती आपलीशी केली. होल्डन कॉलफील्ड सतराव्या वर्षी सांगतो, पण घडलेलं असतं ते सोळाव्या वर्षी. पहिल्या प्रकरणात म्हटलं तर फारसं काही होत नाही. शाळेतून काढून टाकलेला मुलगा टेकडीवर उभा राहून फुटबॉलचा सामना बघतो आणि मग आजारी असलेल्या इतिहासाच्या मास्तरांचा निरोप घ्यायला जातो. तरी आपण वाचत राहतो, कारण आपल्या बालपणाबद्दल आणि आईवडिलांबद्दल बोलायला त्याने सुरुवातीलाच नकार दिलेला असतो. हा काय टाळतोय, हे आपल्याला जाणून घ्यायचं असतं. पकड सगळी त्या नकारात आहे.

पुढची कित्येक वर्षं लेखकांनी होल्डनचा सूर उचलला आणि नकार मात्र सोडून दिला. माझ्याकडे वाचायला येणाऱ्या हस्तलिखितांत आजही तेच दिसतं. पहिल्या पानावर चिडचिड भरपूर असते, पण त्या मुलाला नेमकं काय हवंय किंवा काय लपवायचंय, हे दहाव्या पानापर्यंत कळत नाही. नुसत्या चिडचिडीवर वाचक दोन पानं टिकतो.

मोठा बदल केला तो सुझन कॉलिन्सच्या ‘द हंगर गेम्स’ने, २००८ साली. कॅटनिस सोळा वर्षांची आहे आणि ती वर्तमानकाळात बोलते. होल्डनला मागे वळून बघता येतं, हिला उद्याचं काही ठाऊक नाही. मृत्यूच्या खेळासाठी मुलांची नावं चिठ्ठ्या टाकून काढली जातात, त्या दिवशी सकाळी ती उठते तेव्हा शेजारी झोपणारी बारा वर्षांची बहीण, प्रिम, अंथरुणात नसते. ती आईच्या कुशीत गेलेली असते. मग कॅटनिस जंगलात जाते, आपल्या मित्राला, गेलला भेटते, दोघं प्रिमच्या शेळीच्या दुधाचं चीज पावाला लावून खातात. कोणीही धावत नाही, कोणी मरत नाही.

खरी कारागिरी चिठ्ठ्यांच्या हिशोबात आहे. बाराव्या वर्षी नावाची एक चिठ्ठी, तेराव्या वर्षी दोन, अशी दरवर्षी एकेक वाढत जाते. शिवाय घरातल्या प्रत्येक माणसामागे एक जादा चिठ्ठी टाकून वर्षाचं तुटपुंजं धान्य आणि तेल घेता येतं. कॅटनिसच्या वयाच्या 5 आणि पाच वर्षं तिघींसाठी घेतलेल्या 15, मिळून 20. अठरा वर्षांच्या गेलच्या 42. हे नियम कॉलिन्स समजावायला बसत नाही. महापौरांच्या मुलीने छान कपडे घातलेले पाहून गेलचा तोल सुटतो, तो तिला टाकून बोलतो, आणि त्या कटकटीतून हिशोब बाहेर येतो. माहिती रागाच्या पोटातून आली की ती माहिती वाटत नाही.

वाचक नकळत 20 आणि 42 या आकड्यांची भीती बाळगून बसतो. प्रिमला कॅटनिसने जादा चिठ्ठी घेऊ दिलेली नाही, म्हणून तिची एकच. आणि प्रकरणाच्या शेवटी निघते ती तीच चिठ्ठी. ते नाव पहिल्याच पानावर निघालं असतं तर आपल्याला काहीच वाटलं नसतं. तोवर आपण ते रिकामं अंथरुण पाहिलेलं असतं, चीज खाल्लेलं असतं आणि प्रिम सुरक्षित आहे असं गणितही केलेलं असतं.

या यशानंतर वर्तमानकाळातल्या सोळा वर्षांच्या निवेदकांची रांगच लागली. बऱ्याच जणांनी त्यातला फक्त धक्का घेतला आणि तोही पहिल्या ओळीत आणून ठेवला.

अँजी थॉमसने २०१७ च्या ‘द हेट यू गिव्ह’मध्ये हा मोह आवरला, आणि मला ते फार धीराचं काम वाटतं. तिची स्टार सोळा वर्षांची. पोलिसाच्या गोळीने तिच्या डोळ्यांदेखत तिचा मित्र खलील मरतो, पण दुसऱ्या प्रकरणात. पहिल्यात आहे ती आपल्याच वस्तीतली पार्टी, जिथे स्टारला उपऱ्यासारखं वाटतं, कारण तिची शाळा दूरच्या गोऱ्या वस्तीत आहे. कुठल्या ठिकाणी आपण कोणती स्टार असायचं, हा तिचा पेच त्या गर्दीत उभा राहतो. खलील बऱ्याच दिवसांनी भेटतो. त्याचे नवेकोरे महागडे बूट पाहून हा पैसा कुठून आला, अशी शंका तिच्या मनात येते आणि ती नीट विचारूही शकत नाही. मग पार्टीतच गोळीबार होतो आणि दोघं पळतात. पुढे खलीलचा खून झाल्यावर लोक विचारतात तो कोण होता, काय धंदा करत होता. तोच प्रश्न आपणही पहिल्या प्रकरणात स्टारच्या नजरेतून विचारून बसलेलो असतो.

मराठीत मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’तला मुकुंद याहून लहान, नववीतला. आणीबाणीचा काळ असूनही तो त्याबद्दल मोठ्यांसारखं भाष्य करत नाही. त्याच्या डोक्यात वर्गातली मुलगी असते. सोळा वर्षांच्या निवेदकाचं पहिलं प्रकरण तपासताना मी हेच आधी बघतो: पोराला जे दिसायला हवं तेवढंच दिसतंय, की मागे उभा राहून चाळिशीचा लेखक त्याला सांगतोय. ज्या वाक्यात ‘तेव्हा मला कळलं नव्हतं की’ येतं, त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढतो. होल्डनसारखा नंतर बोलणारा निवेदक असेल तर ते वाक्य राहू शकतं. कॅटनिससारखा असेल तर ते कापावं लागतं आणि बऱ्याचदा त्याच्यासोबत त्याच्या आधीचा परिच्छेदही जातो.