‘मला मान्य नाही’ एवढे पुरत नाही : कोर्टातली कैफियत, वजावट आणि प्रतिदावा

दिवाणी कोर्टाचे समन्स घरी आले की पहिला प्रश्न असतो, ‘तारीख कधीची?’ त्याहून मोठा प्रश्न म्हणजे, ‘उत्तरात काय लिहायचे?’ आपल्या भागात घराची वाटणी, दुकानाचे भाडे, धानाचे पैसे, हातउसने दिलेली रक्कम, असे बरेच वाद दिवाणी कोर्टात जातात. यातले कितीतरी लोक खरे असूनही अडचणीत येतात, कारण त्यांचे खरेपण कागदावर मोघम उतरलेले असते. म्हणून हा विषय आम्ही एका हिशेबाच्या आधारे समजावून सांगत आहोत.

वादी जो अर्ज दाखल करतो तो दावा किंवा वादपत्र. प्रतिवादी त्याला जे लेखी उत्तर देतो ती कैफियत. उर्दूत आपण ‘जवाब-ए-दावा’ म्हणतो, तेच हे. दोन्ही मिळून जी लेखी बाजू तयार होते तिला वकील मंडळी ‘प्लीडिंग्ज’ म्हणतात. कोर्ट याच कागदांवरून वादाचे मुद्दे काढते आणि पुरावा त्या मुद्द्यांवरच घेतला जातो. जी गोष्ट कैफियतीत नाही, तिच्यावर साक्षीदार कितीही चांगला बोलला तरी कोर्ट साधारणपणे तिचा विचार करत नाही.

एक हिशेब

समजा, आमगावच्या एका व्यापाऱ्याने गोंदियाच्या एका राईस मिलवाल्याला १० जानेवारी २०२४ रोजी १०० क्विंटल धान २,४०० रुपये भावाने दिले. रक्कम झाली २,४०,००० रुपये. पैसे मिळाले नाहीत म्हणून व्यापाऱ्याने १ जुलै २०२५ रोजी दावा टाकला. मिलवाल्याला समन्स मिळाले ८ सप्टेंबरला.

मिलवाल्याचे म्हणणे असे. एक, ५ फेब्रुवारी २०२४ ला त्याने ८०,००० रुपये बँकेतून दिलेले आहेत. दोन, याच व्यापाऱ्याने २२ ऑगस्ट २०२२ ला त्याच्याकडून ६०,००० रुपये उसने घेतले होते. तेही बँकेतून गेले आणि परत आलेले नाहीत. तीन, आलेल्या धानापैकी ३० क्विंटल ओले होते. भरडाईत कणी जास्त निघाली आणि क्विंटलमागे १,००० रुपये, म्हणजे ३०,००० रुपयांचे नुकसान झाले.

तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत असे धरू. आता कैफियतीत फक्त एवढेच लिहिले: ‘वादीची मागणी खोटी व बनावट आहे, ती प्रतिवादीस मान्य नाही, दावा खर्चासह फेटाळावा.’ तर काय होईल?

मोघम नकार म्हणजे कबुली

दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ ची आहे. तिच्या आठव्या आदेशातले नियम ३, ४ आणि ५ एकत्र वाचायचे असतात. नियम ३ म्हणतो, सरसकट ‘नाही’ म्हणणे पुरेसे नाही. जी गोष्ट खरी नाही असे वाटते, तिचा वेगळा आणि स्पष्ट नकार हवा. नियम ४ म्हणतो, नकार पळवाटीचा नसावा. वादी म्हणतो २,४०,००० रुपयांचे धान दिले. त्यावर ‘२,४०,००० रुपयांचे धान मिळाले नाही’ एवढेच लिहिले तर प्रश्न उरतोच, मग किती मिळाले? एकतर ‘काहीही मिळाले नाही’ म्हणा, नाहीतर जेवढे मिळाले तेवढे सांगा. नियम ५ सर्वांत कडक आहे. ज्या गोष्टीचा स्पष्टपणे किंवा ओघाने नकार नाही, किंवा जी ‘कबूल नाही’ असे लिहिलेले नाही, ती कबूल आहे असे धरले जाते. कोर्ट अशा गोष्टीचाही पुरावा मागू शकते, पण ती कोर्टाची मर्जी. तिच्यावर भरवसा ठेवून बसता येत नाही.

आपल्या मिलवाल्याने धान मिळाल्याचा, भावाचा, तारखेचा वेगळा नकार दिला नाही आणि ८०,००० रुपये दिल्याचेही लिहिले नाही. मग बँकेचा उतारा खिशात असून उपयोग काय? साक्षीच्या वेळी तो काढला की समोरचे वकील हरकत घेणार, ‘हे कैफियतीत कुठे आहे?’

योग्य कैफियत परिच्छेदवार असते. दाव्याच्या प्रत्येक परिच्छेदापुढे खरे काय, खोटे काय, ते लिहायचे. ‘परिच्छेद ३ मधील १०० क्विंटल धान मिळाले हे खरे. ३० क्विंटल ओले होते. पूर्ण रक्कम बाकी आहे हे खोटे. ५ फेब्रुवारी २०२४ रोजी ८०,००० रुपये बँकेमार्फत दिले आहेत.’ खरी गोष्ट कबूल केल्याने बाजू दुबळी होत नाही, उलट उरलेल्या नकाराला वजन येते.

वजावट कशाची होते?

इथे तीन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. ८०,००० रुपये ही वजावट नाही, तो भरणा आहे. दावा टाकण्याआधीच तेवढे देणे फिटले. तो बचाव म्हणून लिहायचा, त्यावर वेगळी कोर्ट फी लागत नाही.

६०,००० रुपयांचे उसने मात्र वेगळे देणे आहे, धानाशी त्याचा संबंध नाही. त्यासाठी नियम ६ ची वजावट, म्हणजे सेट-ऑफ. अटी अशा: वादीचा दावा पैशाचा हवा. आपली रक्कम ठरलेली, आकड्यात निश्चित आणि कायद्याने वसूल होण्याजोगी हवी. ती त्या कोर्टाच्या अधिकारमर्यादेत बसणारी हवी. आणि दोघे दोन्ही व्यवहारांत त्याच नात्याने उभे हवेत. ही शेवटची अट घरच्या धंद्यात फार नडते. उसने पैसे व्यापाऱ्याच्या भावाला दिले असतील, तर व्यापाऱ्याच्या दाव्यात ते वजा मागता येत नाहीत. ‘एकाच घरचे आहेत’ हे कोर्टात चालत नाही.

३०,००० रुपयांचे नुकसान ही तिसरी गोष्ट. ही रक्कम आधी ठरलेली नाही, कोर्टाने पुरावा पाहून ठरवायची आहे. म्हणून ती नियम ६ मध्ये बसत नाही. व्यवहार एकच असेल तर कोर्ट न्यायबुद्धीने अशीही वजावट देऊ शकते, पण सरळ रस्ता प्रतिदाव्याचा. १९७६ च्या दुरुस्तीने नियम ६-क आला आणि त्यामुळे प्रतिवादीला त्याच प्रकरणात वादीविरुद्ध स्वतःचा दावा मांडता येतो, नुकसानभरपाईचासुद्धा. वादीने आपला दावा काढून घेतला तरी प्रतिदावा चालू राहतो. वजावट आणि प्रतिदावा, दोन्हींवर कोर्ट फी भरावी लागते.

सगळे नीट लिहिले आणि सिद्ध झाले तर हिशेब असा: २,४०,००० मधून भरणा ८०,००० गेला, उरले १,६०,०००. वजावट ६०,००० गेली, उरले १,००,०००. प्रतिदाव्याचे ३०,००० वळते झाले तर देणे ७०,०००. मोघम कैफियतीचे देणे मात्र पूर्ण २,४०,००० होऊ शकते.

मुदतीचा फरक

उसन्या पैशाची मुदत तीन वर्षे, म्हणजे २२ ऑगस्ट २०२५ च्या सुमारास संपली. कैफियत ऑक्टोबरमध्ये दाखल होणार. मग ६०,००० बुडाले का? नाही. मुदतीच्या कायद्याच्या कलम ३ नुसार वजावटीची मागणी वादीच्या दाव्याच्याच तारखेला, म्हणजे १ जुलैला केली असे मानतात. त्या दिवशी मुदत शिल्लक होती. प्रतिदावा मात्र ज्या दिवशी दाखल होतो त्याच दिवसाचा धरतात. म्हणून हेच ६०,००० ‘प्रतिदावा’ म्हणून ऑक्टोबरमध्ये मागितले असते तर ते मुदतबाह्य ठरले असते. धानाचे नुकसान जानेवारी २०२४ चे, त्यामुळे त्याच्या प्रतिदाव्याला अडचण नाही.

कैफियतीला समन्स मिळाल्यापासून ३० दिवस असतात. कारण नोंदवून कोर्ट ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. साध्या दिवाणी दाव्यात त्यानंतरही क्वचित सवलत मिळते, पण व्यापारी कोर्टाच्या दाव्यात १२० दिवसांनंतर दरवाजा बंद. प्रतिदावा कैफियतीसोबतच द्यावा. मुद्दे निघाल्यावर तो साधारणपणे घेतला जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले आहे.

गोव्यातले भावाबहिणीचे प्रकरण

पैशाइतकाच मोघमपणा घराच्या वादात नडतो. मारिया मार्गारिदा सिक्वेरा फर्नांडिस विरुद्ध इरास्मो जॅक डी सिक्वेरा हे गोव्यातले प्रकरण याचे ठळक उदाहरण. घर बहिणीच्या मालकीचे. तिचा नवरा नौदलात, बदल्या होत राहायच्या, म्हणून भावाला घर सांभाळायला ठेवले, असे तिचे म्हणणे. भावाने आपल्याला ताब्यातून काढले म्हणून ताबा परत मिळावा असा दावा केला. खालच्या कोर्टात आणि उच्च न्यायालयात निकाल भावाच्या बाजूने लागला. २१ मार्च २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला.

न्यायालयाने सांगितले की सांभाळायला ठेवलेल्या माणसाला कितीही वर्षे राहिला तरी मालमत्तेत हक्क मिळत नाही. आणि ‘माझा ताबा आहे’ म्हणणाऱ्याने तपशील द्यायलाच हवेत: मालक कोण, कागद कोणाकडे, ताबा कोणत्या तारखेला आला, कसा आला, भाडे किंवा मोबदला काय, कोण कोण राहते, आणि आता ताबा न सोडण्याचा आधार काय.

आपल्या घरांत हिब्याचे वाद याच जागी अडकतात. ‘अब्बांनी घर मला हिबा केले’ एवढे एक वाक्य कैफियतीत असते. हिब्याला तीन गोष्टी लागतात: देणाऱ्याने जाहीर करणे, घेणाऱ्याने स्वीकारणे आणि ताबा देणे. मग लिहायचे तेही तिन्ही: कोणत्या दिवशी, कोणासमोर, चाव्या कोणाकडे आल्या, घरपट्टी तेव्हापासून कोण भरतो. फसवणूक किंवा दबावाचा आरोप असेल, तर तारीख आणि तपशील देणे सहाव्या आदेशाच्या नियम ४ नुसार बंधनकारकच आहे.

चूक राहिली तर?

कैफियत दुरुस्त करता येते, पण सुनावणी सुरू झाल्यावर नाही. नंतर दुरुस्ती हवी असेल, तर पुरेशी काळजी घेऊनही ही गोष्ट आधी मांडता आली नसती, हे कोर्टाला पटवावे लागते. बँकेचा उतारा घरातच होता, फक्त वकिलांना दाखवला नाही, हे कारण पटणे कठीण.

म्हणून वकिलांकडे जाण्याआधी दाव्याची प्रत घेऊन बसा. प्रत्येक परिच्छेदासमोर ‘खरे’, ‘खोटे’ किंवा ‘अर्धे खरे’ लिहा आणि त्याच ओळीत तारीख, रक्कम, कागद लिहा. कैफियत टाइप होऊन आली की सही करण्याआधी हा कागद शेजारी ठेवून ताडून पाहा. तिच्याखाली ‘हे खरे आहे’ अशी आपलीच सही आणि सोबत आपलेच शपथपत्र असते. वकिलाची फी परवडत नसेल, तर गोंदियाच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. फक्त पहिल्या ३० दिवसांत जा.