मीटिंग पुढे ढकलताना

सोसायटीच्या कमिटीची मीटिंग ठरते, वॉटरप्रूफिंगवाल्याचं कोटेशन येत नाही, आणि सेक्रेटरी ग्रुपवर टाकतात: ‘काही कारणास्तव मीटिंग रद्द. नवी तारीख कळवू.’ लगेच तर्क सुरू होतात. त्याऐवजी एवढं लिहावं:

‘रविवार, १४ जूनची सकाळी ११ ची मीटिंग आता गुरुवार, १८ जूनला रात्री ९ वाजता, सोसायटी ऑफिसात. तिसरं कोटेशन बुधवारी येणार आहे. दोनच कोटेशनांवर निर्णय नको. आधीची दोन सोबत जोडली आहेत, वाचून यावं. वरच्या मजल्यावरच्यांनी गळतीचे फोटो बुधवारपर्यंत पाठवावेत. वेळ जमत नसेल तर उद्या संध्याकाळपर्यंत कळवा.’

यात जुनी तारीखही आहे. ती गाळली की कुणीतरी हमखास रविवारी येऊन बसतं. कारण एका वाक्यात पुरतं. लांबलं की सबब वाटते. गृहपाठ मात्र नावानिशी सांगावा, ‘सगळ्यांनी तयारीने यावे’ म्हटलं की कुणीच काही आणत नाही. ग्रुप न पाहणाऱ्या आजोबांना फोन करावाच.

वार्षिक सर्वसाधारण सभेला ही सोय नाही. तिला पूर्ण १४ दिवसांची लेखी नोटीस लागते, त्यामुळे तिची तारीख ग्रुपवरच्या मेसेजने बदलू नये.